तात्या, सोमवारची तारीख बदलली आहे

रामराम तात्या. वकील साहेबांच्या ऑफिसातून सुनील बोलतोय. दुपारी दोनदा फोन लावला, लागला नाही. शेतात असाल म्हणून सगळं लिहून पाठवतो. घरी कुणाकडून तरी एकदा मोठ्यानं वाचून घ्या.

आपल्या वाटपाच्या दाव्याची, रे. मु. नं. 214/2019 ची, सोमवार 16 मार्चची तारीख रद्द झाली. आता तारीख मंगळवार, 24 मार्च 2026. कोर्ट तेच, सातारचं दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर. न्यायाधीश साहेब पुढचा आठवडा प्रशिक्षणाला आहेत, त्यामुळं त्या आठवड्याचा सगळा बोर्ड पुढं गेलाय. समोरच्यांनी काही खेळी केली असं गावात कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. नातवाच्या मोबाईलवर कोर्टाच्या अ‍ॅपमध्ये अजून 16 दिसत असेल. तिथं चढायला वेळ लागतो. मी स्वतः शिरस्तेदारांच्या टेबलावर बघून आलोय, 24 पक्की.

सोमवारी यायचं नाही. साक्षीला येणाऱ्या पाटलांनाही आजच कळवा, नाहीतर ऊसतोड सोडून बिचारे येऊन बसतील. त्यांचं 24 लाही काम नाही. तुमचा उलटतपास चालू असताना दुसऱ्या साक्षीदारानं कोर्टात बसून ऐकलेलं चालत नाही. तुमचा पूर्ण झाला की मग त्यांचं बघू.

आता महत्त्वाचं. परवा फोनवर तुम्ही जाता जाता म्हणालात, कमलआक्का संक्रांतीच्या आधी चार-पाच दिवस कऱ्हाडला दवाखान्यात वारल्या. तुम्हाला ती घरातली दुःखाची बातमी, पण आक्का आपल्या दाव्यात प्रतिवादी नंबर 4 आहेत. प्रतिवादी मयत झाला की त्याच्या वारसांना दाव्यात घ्यायचा अर्ज मृत्यूच्या तारखेपासून 90 दिवसांच्या आत द्यावा लागतो. नाही दिला तर त्यांच्यापुरता दावा आपोआप संपतो. वाटपाच्या दाव्यात एक हिस्सेदार सुटला की सगळाच दावा अडचणीत येतो, आणि समोरचे वकील तेवढ्याचीच वाट बघत असतात. मुदत गेल्यावरही अर्ज करता येतो, पण मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज, त्याला कारणं, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यात निवांत वर्ष जातं.

तुमच्या सांगण्यावरून मी 9 जानेवारी धरलीय. तसं असेल तर 90 दिवस 9 एप्रिलला भरतात. कोर्टाची तारीख आठ दिवस पुढं गेली, म्हणून हे दिवस काही पुढं जात नाहीत. त्यामुळं 24 तारखेलाच अर्ज दाखल करायचा, असं साहेबांनी ठरवलंय. त्यासाठी एक तर मृत्यूचा दाखला पाहिजे. तो आपल्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही. मृत्यू जिथं झाला तिथं नोंद होते, म्हणजे कऱ्हाड नगरपरिषदेत. दुसरं, आक्कांच्या सगळ्या वारसांची नावं, वयं आणि पूर्ण पत्ते. यजमान, मुलगे आणि लग्न झालेल्या मुलीसुद्धा. मुलगी सासरी गेली म्हणून लोक तिचं नाव सोडतात आणि मग पुन्हा दुरुस्ती अर्ज करत बसावं लागतं. पत्ता म्हणजे नुसतं पुणे नको. घर, गल्ली, गाव, तालुका लिहा, कारण त्यावर समन्स जायचंय.

भावकीत बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. दाखला कुणाकडं मागू नका, वाद वाढेल. आक्कांचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि दवाखान्याचं नाव एवढं मला कळवा, कऱ्हाडला आपला एक माणूस आहे, तो नगरपरिषदेत चौकशी करील. दाखला 24 पर्यंत नाही मिळाला तरी तारीख आणि वारसांची नावं पक्की असली की अर्ज देता येईल, दाखला मागून जोडू. वारसांची नावं तुमच्या धाकट्या चुलतीच्या माहेरकडून कळतील असं तुम्हीच म्हणाला होता.

वारसांचा अर्ज आला की न्यायाधीश साहेब कदाचित तुमचा उलटतपास त्या दिवशी घेणार नाहीत. पण नाही होणार असं धरून घरी राहू नका. पुकारा झाला आणि वादी हजर नाही, तर आपला पुरावा बंद करा असा अर्ज समोरून येऊ शकतो. मग ती ऑर्डर फिरवायला पुन्हा धावपळ.

कागदं सांगतो. आपल्या तिन्ही गटांचे नवे सातबारा आणि तुमचा आठ-अ, डिजिटल सहीचे. महा ई-सेवा केंद्रात सांगा किंवा नातवाला महाभूमीवरून काढायला सांगा, एका उताऱ्याला 15 रुपये फी आहे. त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. मोबाईलमधला फोटो नको, प्रिंट पाहिजे. 1987 च्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मागितली होती, ती आली का? ‘वाटप तेव्हाच झालंय’ एवढ्याच फेरफारावर समोरच्यांची सगळी भिस्त आहे, म्हणून ती आम्हाला आधी हातात पाहिजे. अर्जाची पोच असेल तर उद्या फोटो पाठवा, मी तहसीलमध्ये विचारतो. विहिरीच्या लाईटबिलाच्या जुन्या पावत्या डब्यात आहेत म्हणाला होता, त्या सगळ्या आणा. कुठली लावायची ते साहेब ठरवतील. आणि मूळ आधार कार्ड.

सोमवारी 23 ला संध्याकाळी पाचनंतर ऑफिसला या. तुमच्या सरतपासाचं शपथपत्र साहेब तुमच्यासमोर वाचून घेणार आहेत. त्यावर सही तुमची आहे, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. वाचायचा चष्मा विसरू नका, मागच्या वेळी अर्धा तास त्यातच गेला. उलटतपासात काय बोलायचं हे मी सांगणार नाही, कुणी गावात शिकवायला लागलं तर तेही ऐकू नका. प्रश्न पूर्ण ऐकायचा, जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत आहे ते आहे, नाही ते ‘माहीत नाही’, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’. समोरचे वकील आवाज चढवतील, ते त्यांचं काम आहे. तुम्ही न्यायाधीश साहेबांकडं बघून बोला. आणि विहिरीच्या भांडणात कोण कोणाला काय म्हणालं, हे विचारल्याशिवाय काढू नका.

मंगळवारी सकाळी दहाला पोवई नाक्यावर उतरा, तिथून रिक्षानं कोर्टात. मी गेटजवळ असेन. आपला नंबर दुपारनंतरही लागू शकतो, तुमच्या शुगरच्या गोळ्या आणि डबा बरोबर असू द्या. समन्ससाठी प्रोसेस फी भरावी लागेल, वारस किती त्यावर रक्कम ठरेल. ते आल्यावर बघू, आत्ता पैशाची घाई नाही.

या दिवसांत भावकीतून कुणी तडजोडीचा स्टॅम्प पेपर घेऊन आलं, तर चहा पाजा, सही करू नका. कागदाचा फोटो साहेबांना पाठवा.

निरोप मिळाला का ते कळवा. आक्कांची नेमकी तारीख आजच रात्रीपर्यंत सांगा, म्हणजे मी अर्ज टाईपला देतो.

सुनील
शुक्रवार, 13 मार्च