पुस्तक परिचय : ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा

लेखक ज्यूल्स व्हर्न. मूळ कादंबरी फ्रेंच, पुस्तकरूपात १८७३ साली आली. मी मराठी अनुवाद वाचला. कथासार एकाच परिच्छेदात लिहायचं आणि शेवट फोडायचा नाही, असं बाईंनी सांगितलं आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांचं हे पुस्तक वाचायचं राहिलं आहे, त्यामुळे ते मला पटलं. म्हणून मी गोष्ट अमेरिकेतल्या एका बर्फाळ स्टेशनावर सोडली आहे. तिथून लंडन अजून फार लांब आहे.

कथासार

लंडनमध्ये राहणारा फिलियस फॉग हा एकटा, अबोल, श्रीमंत गृहस्थ घड्याळाच्या काट्यावर जगतो. दाढीचं पाणी ८६ अंशांऐवजी ८४ अंश गरम आणलं एवढ्यावरून तो नोकराला काढून टाकतो आणि त्याच्या जागी पासपार्तू नावाच्या फ्रेंच माणसाला ठेवतो. आयुष्यभर वणवण झालेल्या पासपार्तूला आता एका जागी शांतपणे राहायचं असतं. पण त्याच संध्याकाळी, म्हणजे २ ऑक्टोबर १८७२ रोजी, क्लबात पत्ते खेळताना फॉग म्हणतो की आता ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारता येते. सोबत्यांना ते पटत नाही, तेव्हा तो २०,००० पौंडांची पैज लावतो. ही त्याची अर्धी संपत्ती असते. उरलेली अर्धी नोटांच्या रूपात पिशवीत भरून तो त्याच रात्री पासपार्तूसह निघतो. २१ डिसेंबरला रात्री पावणेनऊला त्याला पुन्हा क्लबात हजर व्हायचं असतं. त्याच सुमारास बँक ऑफ इंग्लंडमधून ५५,००० पौंड चोरीला गेलेले असतात आणि चोराचं वर्णन फॉगशी जुळतं. सुएझला टपून बसलेल्या फिक्स या गुप्तहेराची खात्रीच पटते की पैज हा बहाणा असून हा माणूस पैसे घेऊन पळतो आहे. लंडनहून पकड वॉरंट येईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, म्हणून फिक्सही त्याच बोटीत चढतो. फॉग मुंबईला दोन दिवस आधीच पोचतो. पण कलकत्त्याकडे जाणारी गाडी मध्येच रानात थांबते, कारण वर्तमानपत्रांनी पूर्ण झाला म्हणून छापलेल्या लोहमार्गाचा अलाहाबादपर्यंतचा तुकडा अजून बांधायचाच असतो. फॉग शांतपणे २,००० पौंडांना हत्ती विकत घेतो. त्या जंगलात त्यांना एका म्हाताऱ्या राजाची अंत्ययात्रा दिसते. राजाची तरुण विधवा औदा हिला गुंगीचं औषध देऊन सती जायला नेत असतात. फॉग हिशेब करतो : हाताशी बारा तास जादा आहेत, ते हिच्यासाठी खर्चता येतील. मग पासपार्तू जिवावर उदार होऊन एक अचाट युक्ती करतो, औदा वाचते आणि त्यांच्याबरोबर पुढच्या प्रवासाला निघते. मुंबईला मिळवलेले दोन दिवस मात्र त्यात संपतात. इकडे फिक्सला घाई झालेली असते, कारण हाँगकाँगच्या पुढे ब्रिटिशांचा मुलूख नाही आणि वॉरंट अजून पोचलेलं नाही. तो पासपार्तूला अफूच्या अड्ड्यावर नेऊन बेशुद्ध पाडतो, त्यामुळे बोट ठरल्यापेक्षा आधी सुटणार ही खबर मालकापर्यंत जातच नाही. फॉगची बोट चुकते आणि मालक-नोकराची ताटातूट होते. छोट्या नौकेतून वादळाशी झुंजत फॉग आणि औदा मार्ग काढतात. जपानमध्ये कसरतीच्या खेळात काम करून पोट भरायची वेळ आलेला पासपार्तू त्यांना तिथे पुन्हा भेटतो, आणि पॅसिफिक ओलांडून सगळे अमेरिकेतल्या रेल्वेत बसतात. फिक्सही असतोच, पण आता फॉग लवकरात लवकर ब्रिटिश भूमीवर परतावा अशी त्याचीच इच्छा असते. वाटेत गव्यांचा प्रचंड कळप तासन्‌तास रूळ अडवून धरतो. पुढे सू जमातीचे लोक गाडीवर हल्ला करतात, तेव्हा पासपार्तू डब्यांखालून सरपटत जाऊन इंजिन सोडवतो. गाडी फोर्ट कर्नी स्टेशनाजवळ थांबते, सगळे वाचतात, पण पासपार्तू आणि आणखी दोन प्रवासी हल्लेखोरांच्या हाती सापडलेले असतात. एक दिवस जरी गेला तरी न्यूयॉर्कची बोट चुकणार आणि पैज हरणार हे फॉगला पक्कं ठाऊक असतं. तरीही तो तीस सैनिक घेऊन बर्फात निघतो. इंजिन परत येतं, गाडी त्याच्यासाठी न थांबता निघून जाते, दुसरी गाडी थेट उद्या संध्याकाळी असते. स्टेशनाच्या दाराशी थंडीत उभी राहून औदा त्या पांढऱ्या माळाकडे बघत राहते.

माझं मत

सुरुवातीला मला फॉग आवडला नाही. दोन अंशांसाठी माणसाला घरी पाठवणारा हा कसला नायक, असं वाटलं. त्याचं वेळापत्रक मी वहीत मांडून पाहिलं : लंडन ते सुएझ ७ दिवस, मुंबईपर्यंत १३, कलकत्ता ३, हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७ आणि परत लंडन ९. बरोबर ८०. या बेरजेत वादळ नाही, अर्धवट रूळ नाहीत, दुसऱ्याचं दुःखही नाही. जंगलात त्याच्याकडे बारा तास होते म्हणून त्याने ते दिले, तिथे तो अजून हिशेबीच आहे. फोर्ट कर्नीला त्याच्याकडे एक तासही शिल्लक नव्हता आणि तरी तो गेला. हे दोन प्रसंग मी पाठोपाठ पुन्हा वाचले. त्याचा चेहरा दोन्ही वेळी सारखाच कोरा आहे, बोलणंही तेवढंच मोजकं आहे, पण मधल्या काळात हा माणूस बदलला आहे आणि लेखकाने ते एका शब्दानेही सांगितलेलं नाही. मला पुस्तकातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटली.

भारताचा भाग वाचताना मात्र थोडं खटकलं. हत्ती, घनदाट जंगल, क्रूर पुजारी यांच्यापलीकडे लेखकाला इथली माणसं फारशी दिसलेली नाहीत. औदा एवढी शिकलेली दाखवली आहे, तर तिला आणखी बोलू द्यायला हवं होतं. ती बराच काळ नुसती सोबत असते.

फिक्सबद्दल मी कथासारात मुद्दाम जास्त लिहिलं नाही. तो वाईट माणूस नाही, त्याला आपलं खरंच वाटतं, आणि पिशवीतून नोटा काढत सुटलेल्या फॉगकडे पाहून मलाही दोनदा शंका आली. ती शंका खरी की खोटी, हे वाचणाऱ्याने स्वतः शोधावं. वाचायला घ्याल तेव्हा जगाचा नकाशा जवळ ठेवा. मी प्रत्येक प्रकरणानंतर पेन्सिलीने रेघ पुढे ओढत होते. पासपार्तूला सोडवायला फॉग बर्फात गेला, त्या रात्री ती रेघ अमेरिकेच्या मधोमध थांबली होती आणि मला झोप येत नव्हती.