12 दिवसांच्या अर्जित रजेसाठी अर्ज व कामाच्या हस्तांतराचा तपशील

दिनांक : 29 जून 2026

प्रति,
मा. प्रयोगशाळा प्रमुख,
जलशुद्धीकरण केंद्र.

अर्जदार : वर्षा देशमाने, रसायनज्ञ (सकाळपाळी)

विषय : आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दि. 13 ते 25 जुलै 2026 या कालावधीत अर्जित रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया मंगळवार दि. 14 जुलै रोजी ठरली आहे. आदल्या दिवशी तिला दाखल करायचे आहे. चार-पाच दिवस रुग्णालयात राहावे लागेल आणि घरी आल्यावर वॉकरवर चालण्याची सवय होईपर्यंत कोणीतरी सतत जवळ असणे आवश्यक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माझा भाऊ परगावी असतो. तो 25 तारखेला येऊन पुढची जबाबदारी घेणार आहे. तोपर्यंत तिच्याजवळ माझ्याशिवाय कोणी नाही.

म्हणून मला सोमवार दि. 13 जुलै ते शनिवार दि. 25 जुलै या काळात, मधला रविवार वगळून, 12 दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी, ही विनंती. रजेच्या आधीचा 12 तारखेचा आणि नंतरचा 26 तारखेचा रविवार रजेला जोडून घेण्याची परवानगीही मिळावी. सोमवार दि. 27 जुलै रोजी सकाळपाळीला मी कामावर हजर होईन.

जुलै म्हणजे आपल्या कामाचा ऐन हंगाम, याची मला पूर्ण जाणीव आहे. नदीचे पाणी एका रात्रीत गढूळ होते आणि तुरटीचा डोस दिवसातून दोनदा बदलावा लागतो, अशा दिवसांत रसायनज्ञाने रजा मागणे योग्य दिसत नाही. शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर घेता येईल का, हे मी डॉक्टरांना विचारले होते. पण आईचे चालणे जवळजवळ बंद झाले आहे आणि आणखी लांबवले तर पायाचे स्नायू अधिक कमजोर होतील, असे त्यांचे मत पडले. त्यामुळे तारीख बदलता आली नाही. माझ्या अनुपस्थितीत काम कोणी व कसे पाहायचे, हे संबंधितांशी बोलून मी ठरवले आहे. त्याचा तपशील आपल्या मान्यतेसाठी पुढे देत आहे.

सकाळपाळी श्री. गायकवाड सांभाळतील. ते सध्या दुपारपाळीला असतात, म्हणजे त्यांची जागा रिकामी पडते. तिथे श्रीमती पवार येण्यास तयार आहेत. त्यांचे दिवसपाळीचे नोंदींचे काम दुपारपाळीत बसून होण्यासारखे आहे. रात्रपाळीत काही बदल नाही. दोघांशीही मी प्रत्यक्ष बोलले आहे आणि दोघांनीही संमती दिली आहे. तरी पाळीबदलाचा आदेश आपल्याकडूनच निघावा लागेल. त्याच आदेशात डोसपत्रकावर सही करण्याचा अधिकार या काळापुरता श्री. गायकवाड यांना द्यावा, अशी विनंती आहे. ऑपरेटर मंडळी रसायनज्ञाची सही असल्याशिवाय डोस बदलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तोंडी निरोपावर काम चालवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

दि. 9, 10 व 11 जुलै हे तीन दिवस श्री. गायकवाड यांनी माझ्यासोबत सकाळपाळीत बसावे, असे सुचवते. त्या दिवसांत जार टेस्ट ते स्वतः करतील, डोसही तेच काढतील, मी फक्त शेजारी असेन. पद्धत त्यांना ठाऊकच आहे : सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर कच्चे पाणी, एक टक्का तुरटीचे द्रावण, म्हणजे एक मिलिलिटर टाकले की लिटरला दहा मिलिग्रॅमचा डोस पडतो. मिनिटभर जोरात ढवळणे, मग वीस मिनिटे संथ, मग अर्धा तास निवळू देणे. प्रश्न पद्धतीचा नसतो, नजरेचा असतो. पाणी पाहता पाहता बदलत असताना सर्वांत स्वच्छ दिसणारा बीकर निवडण्याऐवजी, ज्याच्यापुढे डोस वाढवून गढूळपणात फारसा फरक पडत नाही तो बीकर निवडावा. नाहीतर तुरटी वाया जाते आणि पीएचही खाली येतो. हे तीन दिवसांत त्यांच्या हाताला बसेल, अशी मला खात्री आहे. तुरटीचे द्रावण दर सोमवारी ताजे करून बाटलीवर तारीख घालण्याची रीत तशीच चालू ठेवायची आहे.

कच्च्या पाण्याचा गढूळपणा पाळीत अचानक दुप्पट झाला, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता लगेच नवी जार टेस्ट लावावी, असे मी पाळीवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवत आहे. गढूळपणा मोजताना काचेची नळी बोटांच्या ठशांसकट यंत्रात घातली, तर फिल्टरमधून आलेले उत्तम पाणीही खराब दिसते. नळी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि तिच्यावरची खूण यंत्रावरच्या खुणेसमोर येईल अशी बसवावी. ही बाब किरकोळ वाटेल, पण रात्री दोन वाजता कोणी आपल्याला उगाच फोन करू नये म्हणून मुद्दाम नमूद केली. पीएच मीटरचा प्रोब मोजमाप झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये न ठेवता पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणातच ठेवायचा, हे श्रीमती पवार यांना मी प्रत्यक्ष दाखवले आहे. मीटर दररोज सकाळी 7 च्या बफरवर आणि मग 4 किंवा 9.2 च्या बफरवर लावून घ्यावा.

क्लोरीनबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी काळजी तिथेच आहे. पावसाळ्यात पाण्यात सेंद्रिय घाण वाढली की तेवढेच क्लोरीन अधिक खपते. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडताना आकडा चांगला दिसूनही वितरणाच्या शेवटच्या टोकाला शिल्लक क्लोरीन 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली जाऊ शकते. टोकाचे नमुने सकाळी आणि सायंकाळी घेतलेच पाहिजेत. दुपारी घेतलेला एकच नमुना दोन्ही रकान्यांत मांडणे चालणार नाही. टोकाचे वाचन 0.2 च्या खाली आले, तर श्री. गायकवाड यांनी आधी आपल्याला कळवावे आणि मग मला. मी फोन उचलेपर्यंत त्यांनी थांबू नये.

जिवाणू तपासणीचे नमुने मंगळवारी व शुक्रवारी जातात. त्या बाटल्या निर्जंतुक केलेल्या असतात आणि क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी त्यांत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. म्हणून नमुना घेण्यापूर्वी बाटली पाण्याने विसळायची नाही. नवीन मदतनीस सवयीने विसळतात, म्हणून श्रीमती पवार त्यांच्यासोबत पहिल्या दोन फेऱ्यांना जाणार आहेत. नमुना थंड डब्यातून आणून त्याच दिवशी तपासायला लावावा. कोलिफॉर्म आढळल्यास आपल्याला ताबडतोब कळवून त्याच ठिकाणाहून फेरनमुना घ्यायचा आहे. फेरनमुन्याचा निकाल येईपर्यंत पहिला निकाल फाईलला लावून ठेवून गप्प बसायचे नाही.

पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराईडची पुढची गाडी 20 जुलैच्या आठवड्यात अपेक्षित आहे. टँकर रिकामा करण्याआधी नमुना काढून घनता व पीएच पाहणे बंधनकारक आहे. ते काम श्रीमती पवार करतील. माल नाकारायचा झाल्यास तो निर्णय अर्थातच आपला. पुरवठादाराचा माणूस घाई करतो, हा अनुभव आहे. नमुना तपासून होईपर्यंत झडप उघडू नये, असे गेटवरही सांगून ठेवत आहे. क्लोरीन तपासणीच्या डीपीडी गोळ्या ऑगस्टअखेर पुरतील इतक्या आहेत. गढूळपणा मोजण्याच्या यंत्राची देखभाल रजेच्या काळात येत होती, ती मी 6 जुलैवर आणून घेतली आहे.

जूनचा मासिक अहवाल 4 जुलैपर्यंत आपल्या टेबलावर येईल. जुलैचा अहवाल मी परत आल्यावर करीन, पण त्यासाठी रोजच्या नोंदी त्या त्या दिवशीच वहीत व संगणकात दोन्हीकडे व्हायला हव्यात. मागाहून एकदम भरलेल्या नोंदींवर अहवाल करणे मला जमणार नाही. रसायनांच्या कपाटाची किल्ली 11 तारखेला सायंकाळी नोंदवहीत सही घेऊन श्री. गायकवाड यांच्याकडे देईन. संगणकाचा पासवर्ड या अर्जात लिहीत नाही. तो बंद पाकिटात आपल्याकडे देत आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी, 14 तारखेला, मला फोन घेता येणार नाही. इतर दिवशी सायंकाळी 7 ते 8 या वेळेत मी निश्चित उपलब्ध असेन. या वेळेबाहेर अगदी अडले तर निरोप टाकून ठेवावा, जमेल तसे उत्तर देईन. श्री. गायकवाड यांनी डोसचा निर्णय मात्र माझ्या होकारावर अडवून ठेवू नये. त्या पाळीचे पाणी त्यांनी पाहिलेले असेल, मी नाही.

पूर आला किंवा अन्य कारणाने 12 दिवस देणे केंद्राला शक्य नसेल, तर 13 ते 18 जुलै हे सहा दिवस तरी मंजूर व्हावेत, अशी नम्र विनंती आहे. त्यापुढील दिवसांसाठी मी घरी नर्सची सोय बघेन आणि सोमवार दि. 20 जुलैपासून सकाळपाळीला येईन. मात्र तसे असल्यास शक्यतो 6 जुलैपर्यंत कळवावे, म्हणजे मला नर्सची व्यवस्था करता येईल. पाळ्यांच्या वरील मांडणीत आपल्याला काही बदल सुचवावासा वाटला, तर तो मला मान्य असेल.

तरी माझ्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
वर्षा देशमाने
रसायनज्ञ

सोबत :
1. रुग्णालयाचे दाखल होण्याबाबतचे पत्र (छायाप्रत)
2. श्री. गायकवाड व श्रीमती पवार यांची लेखी संमती
3. 13 ते 25 जुलै या काळातील प्रस्तावित पाळीपत्रक

प्रत माहितीसाठी : आस्थापना विभाग