विषय: वीव्हिंग सुपरवायझर पदाच्या ऑफर लेटरबाबत (9 जानेवारीला तोंडी ठरलेले)

सोलापूर, 3 फेब्रुवारी 2026

मा. पाटील मॅडम,
एचआर विभाग, चिंचोळी एमआयडीसी युनिट

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी, 9 जानेवारीला आपल्या कारखान्यात माझी दुसरी मुलाखत झाली. वर्क्स मॅनेजर साहेबांनी मला लूम शेडमध्ये नेऊन टेरी टॉवेलच्या मागावर पाईलची उंची कमी-जास्त का होते ते विचारले. पाईल बीमचा ताण आणि लेट-ऑफ तपासून मी कारण दाखवले. त्यानंतर आपल्या केबिनमध्ये, आपण दोघेही हजर असताना, "तुम्हाला घेतलंय, सोमवारपर्यंत लेटर मेलवर येईल" असे मला सांगण्यात आले. आज त्याला 25 दिवस झाले, लेटर अजून मिळालेले नाही.

पुढचा आठवडा सिद्धेश्वर यात्रेचा होता, त्यामुळे तेव्हा मी मुद्दाम विचारले नाही. गड्ड्याच्या दिवसांत ऑफिसची कामे मागे पडतात हे आपण सगळेच जाणतो. 19 तारखेला फोन केला तेव्हा "मालकांची सही राहिली आहे" असे कळले. 27 तारखेच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजला उत्तर आले नाही. म्हणून आता सगळे एकत्र लिहून पाठवत आहे, म्हणजे सहीसाठी फाईल पुढे सरकवताना आपल्याला पुन्हा काही शोधावे लागणार नाही.

मला ही नोकरी हवी आहे. मधल्या काळात मी दुसरीकडे कुठेही होकार दिलेला नाही. पण लेखी काही हातात नसताना मला सध्याच्या ठिकाणी राजीनामा देता येत नाही. तिथे माझा नोटीस पीरियड पूर्ण 30 दिवसांचा आहे. 2 मार्चला रुजू व्हायचे आपले ठरले होते, त्यासाठी राजीनामा जानेवारी संपण्याआधीच द्यायला हवा होता. ती तारीख आता हुकली आहे. येत्या शनिवारी, 7 फेब्रुवारीपर्यंत लेटर मिळाले तर त्याच दिवशी राजीनामा देतो. माझा शेवटचा दिवस 9 मार्च येईल आणि मंगळवारी, 10 मार्चला पहिल्या पाळीला हजर राहीन. लेटर जितके दिवस पुढे जाईल तितकेच दिवस रुजू होणेही पुढे जाईल.

नोटीस अर्धवट सोडून लवकर या, असे कोणी सुचवले तर ते मला परवडणार नाही. राहिलेल्या दिवसांचा पगार कापला जातोच, शिवाय रिलीव्हिंग लेटर अडकते. त्याहून मोठी अडचण पीएफची आहे. यूएएन तोच राहणार असला तरी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरावी लागते. ती तारीख आणि आपल्याकडची रुजू होण्याची तारीख एकमेकींवर आल्या तर पीएफ ट्रान्सफर करताना अडथळा येऊ शकतो आणि दुरुस्तीसाठी दोन्ही कंपन्यांचे हेलपाटे होऊ शकतात. त्यामुळे लेटरमध्ये 10 मार्च हीच तारीख घालावी. 2 मार्च राहू देऊ नये.

आता पगाराविषयी. तोंडी बोलताना "महिना 34,000" एवढेच ठरले होते. हा आकडा ग्रॉस की सीटीसी, हे त्या दिवशी स्पष्ट झाले नाही. विचारायला हवे होते ते मीच, तेवढे माझ्याकडून राहिले. मी तो ग्रॉस धरला आहे. त्यातून माझा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा होऊन हातात 32,000 येतात (फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असल्याने 100 कमी). पण 34,000 हा सीटीसी असेल तर कंपनीच्या वाट्याचे पीएफचे 1,800 त्यातूनच जातात आणि हातात 30,200 उरतात. बेसिक 17,000 धरून ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 818 रुपये, त्यातच मोजले तर 29,400 च्याही थोडे खालीच. सध्याच्या ठिकाणी मला 28,500 हातात मिळतात. पाळीचे काम आणि जाण्यायेण्याचे अंतर पाहता या दोन हिशेबांत माझ्यासाठी फार फरक पडतो. म्हणून लेटरला पगाराचा तक्ता जोडावा: बेसिक, एचआरए, इतर भत्ते, वजावटी आणि हातात येणारी रक्कम, प्रत्येक आकडा वेगळा. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापणार की पूर्ण बेसिकवर, हेही त्यात असावे. पूर्ण बेसिकवर कापला तर माझा वाटा 2,040 होतो.

बाकी जे ठरले ते माझ्या नोंदीप्रमाणे असे: पद वीव्हिंग सुपरवायझर, रॅपियर विभाग. आठ तासांच्या तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. प्रोबेशन 6 महिने. रात्रपाळीला अशोक चौकातून कंपनीची गाडी, जाताना आणि येतानाही. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची, यावर बोलणे झाले नव्हते, तेवढे लेटरमध्ये यावे. कुठलाही बॉन्ड असल्याचे मला सांगितलेले नाही. असेल तर तो राजीनाम्याआधी वाचायला मिळावा, ही विनंती.

रात्रपाळीच्या गाडीचा उल्लेख क्षुल्लक वाटेल, पण तो लेखी असावा असा माझा आग्रह आहे. पुणे रस्त्यावरून रात्री-अपरात्री गाव गाठायला दुसरे हमखास साधन माझ्याकडे नाही, आणि गाडी बंद झाली तर दुसऱ्या महिन्यापासूनच हजेरीवर परिणाम होईल.

आधार, पॅन, डिप्लोमाची गुणपत्रके आणि मागच्या 3 महिन्यांच्या पगार स्लिपा यांच्या झेरॉक्स मी 9 तारखेलाच दिल्या आहेत. मूळ कागद पाहायचे असतील तर बोलवाल त्या दिवशी घेऊन येतो. यूएएन अर्जात लिहिलेला आहे. नेमणूकपत्र रुजू झाल्यावर दिलेत तरी चालेल. आत्ता मला फक्त लेटरहेडवरचे, सही-शिक्क्याचे ऑफर लेटर हवे आहे. स्कॅन मेलवर आला तरी पुरे.

मालक बाहेरगावी असल्याने सही लांबणार असेल तर तोपर्यंत एक करता येईल. याच मेलला, कंपनीच्या मेल आयडीवरून, पुढील मजकूर पाठवावा. चूक असेल तिथे दुरुस्त करावा:

"वीव्हिंग सुपरवायझर पदासाठी आपली निवड झाली आहे. मासिक ग्रॉस पगार 34,000 रुपये, कंपनीचा पीएफ वाटा त्याव्यतिरिक्त. रुजू होण्याची तारीख 10 मार्च 2026. प्रोबेशन 6 महिने. रात्रपाळीसाठी अशोक चौकातून वाहन. सही केलेले ऑफर लेटर 14 फेब्रुवारीपर्यंत पाठवत आहोत."

असा मेल आला तर राजीनाम्याचा मसुदा तयार ठेवतो. राजीनामा मात्र सहीचे लेटर मिळाल्यावरच देईन, आणि 7 तारखेनंतर जितके दिवस जातील तितकी 10 मार्चही पुढे जाईल.

या जागेबाबत कंपनीचा विचार बदलला असेल, किंवा जागा काही महिन्यांसाठी थांबवली असेल, तर तसेही मोकळेपणाने कळवावे. मी वाईट वाटून घेणार नाही. पण शनिवारपर्यंत काहीच उत्तर आले नाही तर हे बोलणे थांबले असे समजून मला दुसरीकडे अर्ज करावे लागतील.

गुरुवारी, 5 तारखेला माझी सकाळपाळी आहे. दुपारी साडेतीननंतर कधीही फोन करावा किंवा बोलवावे, चिंचोळीला येऊन जातो. वर्क्स मॅनेजर साहेबांनाही या मेलची प्रत पाठवली आहे, कारण पाळ्या आणि गाडीबद्दलचे बोलणे त्यांच्याशी झाले होते.

आपला विश्वासू,
रवींद्र माने
(नंबर अर्जावरचाच आहे)

मेलनंतर लगेच पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज:

नमस्कार मॅडम, रवींद्र माने बोलतोय, वीव्हिंग सुपरवायझरसाठी 9 जानेवारीला आलो होतो. ऑफर लेटरबाबत आत्ताच सविस्तर मेल केलाय. दोन गोष्टी कळल्या तरी माझं काम पुढे सरकेल: लेटर शनिवारपर्यंत मिळेल का, आणि 34,000 ग्रॉस आहे की सीटीसी. राजीनामा त्यावरच अडलाय. मेल स्पॅममध्ये गेला असेल तर सांगा, पुन्हा पाठवतो.