प्रबोधन ते क्रांती : वर्गटिपण

राजाची सत्ता देवदत्त, या समजुतीला सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपच्या प्रबोधनकाळात तर्काची कसोटी लागली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं : जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क जन्मजात, सरकार ते राखत नसेल तर बदला. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हेच दिसतं, फक्त ‘मालमत्ते’ऐवजी ‘सुखाचा शोध’ (अधोरेखित करा!). १७८९ च्या फ्रेंच हक्कनाम्यातलं सहावं कलम, ‘कायदा म्हणजे सामूहिक इच्छेची अभिव्यक्ती’, हा तर सरळ फ्रेंच विचारवंत रूसोचा विचार.

पण नुसत्या पुस्तकांनी पॅरिसमधलं बॅस्टिल हे तुरुंग-किल्ला पडलं नाही. रिकामी तिजोरी, महागलेला पाव होताच. विचारांनी त्या रागाला शब्द दिले.

हक्क नेमके कोणाचे? फ्रेंच लेखिका ओलिंप द गूजने १७९१ मध्ये स्त्रियांचा हक्कनामा लिहिला. १७९३ मध्ये गिलोटिनवर तिचा शिरच्छेद झाला. फ्रेंच वसाहत असलेल्या हैतीतल्या गुलामांनी मात्र लढून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र उभं केलं.