गुडघ्याची पूड

दोन चिमट्या पूड कोमट पाण्यात, आणि आप्पा कळव्यातल्या घराचे तीन मजले न थांबता चढू लागले. "तुमच्या गोळ्यांनी हे जमलं होतं का रे?" निखिल महाप्याच्या औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला. पण घरात त्याचं कोण ऐकतं!

मग चेहरा गोल झाला. हातपाय मात्र काटकुळे. जरासा धक्का लागला तरी दंडावर काळानिळा डाग. कधी नव्हती ती साखर निघाली. आई म्हणाली, "अंगाला लागतंय."

निखिलने चमचाभर पूड खासगी प्रयोगशाळेत दिली. रिपोर्टमध्ये अश्वगंधा, सुंठीसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड.

आप्पा डबी घेऊन तडक मोरीकडे निघाले.

"थांबा! एकदम बंद नाही करायचं."

"विष म्हणतोस आणि खा म्हणतोस?"

"पूड नाही. पण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडतात. झटक्यात तोडलं तर रक्तदाब कोसळतो. आजच डॉक्टरकडे जाऊ. ते रक्त तपासून मोजून गोळी देतील, मग हळूहळू उतरवतील."

"आणि गुडघे?"

"दुखतील. आजवर दुखणं नुसतं दाबलेलं होतं." हे त्याने जरा जास्तच तोडून सांगितलं.

"डबी?"

"ती एफडीएला. तक्रारीसोबत."

आप्पांनी चपला शोधल्या. "आधी खाली चल. तळमजल्यावरचे काका हीच पूड घेतात. ऐकलं तर रागाने फेकून देतील."