प्रतिवादीतर्फे प्रत्युत्तर: ४७ दिवसांचा प्रश्न

होय, माननीय महोदया. आपण विचारलंत की फ्लॅट घेणाऱ्या माझ्या अशिलांनीच हप्ता थकवला होता का, आणि ताबा त्यामुळेच लांबला का. घोडबंदर रोडवरच्या या फ्लॅटचा नवव्या स्लॅबचा हप्ता माझ्या अशिलांनी ४७ दिवस उशिरा भरला, हे आम्हाला मान्य आहे. रेरा कायद्याच्या कलम १९(७) नुसार त्यावर व्याज द्यावं लागतं. अपीलकर्त्या बिल्डरने ते व्याज घेतलं, पावती दिली, करार रद्द केला नाही.

खरा मुद्दा कारणाचा. कृपया तथ्यपत्रकाचा परिच्छेद ११ पाहावा: हप्ता थकण्याच्या दोन महिने आधीच काम बंद पडलं होतं. मग ताब्याला झालेला १४ महिन्यांचा उशीर आमच्या माथी कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या न्यूटेक निकालाने कलम १८(१) खालचा परताव्याचा हक्क विनाअट मानला आहे. तरीही न्यायपीठाला ते ४७ दिवस खटकत असतील, तर तेवढ्या दिवसांचं व्याज वजा करावं. मुद्दल नव्हे.