बंद झालेली कामं: किती दिवस ठेवायची, कधी दप्तरात हलवायची, पुसायचं कोणी ठरवायचं

हा नियम आपल्या रेडमाइनवरच्या सगळ्या प्रकल्पांना 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे. डेव्हलपर, टेस्टिंग, सपोर्ट, सगळ्यांनी एकदा शेवटपर्यंत वाचावा. तो का करावा लागला ते आधी सांगतो, म्हणजे पुढची बंधनं जाचक वाटणार नाहीत.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. सूक्ष्म अन्नद्रव्यं 12 टक्क्यांवरून 5 वर आली आणि कृषी सेवा केंद्रांचे फोन सुरू झाले. दर बदलण्याचं काम आपण वेळेत केलं. पण ते करताना माल-परतीच्या कोडमध्ये एक अट दिसली: परतीच्या नोंदीला आजचा दर लावू नये, मूळ बिलाच्या तारखेचा लावावा. लिहिणारा सोडून गेलेला. कमिटचा संदेश एवढाच होता:

```
fixes #2318
```

त्यावर क्लिक केलं तर 404. ते काम 2017 सालचं, जीएसटी लागू झाला त्या जुलैतलं. 'यादी हलकी करू' म्हणून आपणच मधल्या काळात 412 जुनी कामं पुसली, त्यात तेही गेलं. कारण कुठेच सापडेना, म्हणून अट अनावश्यक समजून काढून टाकली. ऑगस्टमध्ये 12 टक्क्यांनी विकलेला माल परत आला की क्रेडिट नोट 5 टक्क्यांची निघू लागली. दुकानदारांना त्या नोटा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. अट काढणाऱ्याची यात चूक नाही. त्याला उत्तर मिळायला हवं होतं ती जागा आपण रिकामी केली होती.

म्हणून मूळ नियम असा: काम पुसायचं नाही, दप्तरात हलवायचं. पुसण्याची कारणं मोजकी आहेत, ती पुढे दिली आहेत. त्यांत न बसणारं कुठलंही काम पुसलं जाणार नाही.

मूळ प्रकल्पात दोन वर्षं

काम `Closed` झालं की त्या तारखेपासून 24 महिने ते आहे त्याच प्रकल्पात राहील. हा आकडा ग्राहकांच्या कामाच्या चक्रावरून घेतला आहे. एप्रिलमध्ये फाडलेल्या बिलाबद्दलचा प्रश्न कधीकधी थेट पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात येतो, कारण त्या आर्थिक वर्षाचं वार्षिक विवरण भरायची मुदत 31 डिसेंबर असते. म्हणजे 21 महिने झालेच. सपोर्टच्या माणसाला तोवर काम हाताशी लागतं. यादी लांब दिसते अशी तक्रार असेल तर फिल्टर लावा. रेडमाइन मुळातच फक्त उघडी कामं दाखवतं.

त्यानंतर 'जुनं दप्तर'

24 महिने झाले की काम 'जुनं दप्तर' या प्रकल्पात हलवायचं. हलवताना कामाचा क्रमांक बदलत नाही, त्यामुळे कमिटमधला `#` दुवा चालूच राहतो. टार्गेट व्हर्जन मात्र नव्या प्रकल्पात शेअर केलेलं नसेल तर गळून पडतं. ते हलवण्याआधी नोंदीत लिहून ठेवा.

इथे एक गल्लत होऊ देऊ नका. रेडमाइनमध्ये अख्खा प्रकल्प `Archive` करता येतो, पण मग तो ॲडमिनने परत उघडेपर्यंत कोणालाच दिसत नाही. आपल्याला ते नको. 'जुनं दप्तर' `Close` केलेलं असेल: वाचता येईल, शोधता येईल, बदलता येणार नाही. दर तिमाहीला ॲडमिन ते तेवढ्यापुरतं उघडून नवी कामं आत घेईल आणि पुन्हा बंद करेल.

दप्तरात किती दिवस? कर, हिशोब, साठा आणि परवान्याच्या नोंदी यांना हात लावणारी कामं ते सॉफ्टवेअर एकाही ग्राहकाकडे चालू आहे तोवर, आणि त्यानंतर आठ वर्षं. जीएसटी कायद्यानुसार व्यापाऱ्याला आपले हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात. ते बंधन त्याच्या वह्यांवर आहे, आपल्या कामांवर नाही. पण त्याला नोटीस आली की 'हा आकडा तुमच्या प्रोग्रामने असा का काढला' हा प्रश्न आपल्याकडेच येतो. बाकीची कामंही तिथेच राहतील. मजकुराला जागा जवळपास लागतच नाही. जागा खातात त्या जोडलेल्या फायली, आणि खरा धोकाही त्यांतच आहे.

पुसायचंच असं

ग्राहकाचा डेटाबेस बॅकअप, खरेदीदार शेतकऱ्यांच्या याद्या, आधार क्रमांक दिसणारे खतविक्रीचे स्क्रीनशॉट: काम बंद झाल्यापासून 30 दिवसांत ही जोडणी काढून टाकायची. काम ठेवायचं, फाइल पुसायची, आणि 'बॅकअप तपासून काढला' अशी ओळ लिहायची. ही माहिती आपली नाही. एक बिघाड शोधण्यापुरती ती दिलेली असते, आणि काम झाल्यावर ती आपल्याकडे पडून राहणं मला कायद्याच्याही आधी माणूस म्हणून गैर वाटतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेतू संपला की डेटा पुसायलाच सांगतो.

पासवर्ड लिहिला गेला असेल तर आधी पासवर्ड बदला, कारण सूचनेचे मेल केव्हाच गेलेले असतात. तो वर्णनात असेल तर नुसतं वर्णन दुरुस्त करून भागत नाही, जुना मजकूर इतिहासात दिसत राहतो. अशा वेळी उरलेला मजकूर नव्या कामात उतरवून मूळ काम पुसायचं.

चाचणीसाठी उघडलेली रिकामी कामं पुसायला हरकत नाही. दुबार कामं मात्र नाहीत. त्यांना मूळ कामाशी `Is duplicate of` असं जोडून बंद करा. एकच तक्रार पाच दुकानांतून आली, हीसुद्धा माहितीच आहे.

निर्णय कोणाचा

`Delete issues` ही परवानगी सगळ्या भूमिकांमधून काढली आहे. काम पुसायचं असेल तर प्रकल्पप्रमुखाने लेखी सुचवायचं आणि सपोर्टप्रमुखाने होकार द्यायचा. दोघांचं जमलं तरच ॲडमिन पुसेल. ॲडमिनने स्वतःहून पुसायचं नाही, माझ्या तोंडी सांगण्यावरूनही नाही. दोघांत मतभेद झाला तर काम राहील. फायलींसाठी मात्र एवढी परवानगी नको: ज्याने जोडली त्यानेच काढावी, आणि ग्राहकाने काढा म्हटलं तर त्याच दिवशी काढावी.

सपोर्टचा होकार मुद्दाम ठेवला आहे. डेव्हलपरला संपलेलं वाटणारं काम ग्राहकाच्या दृष्टीने पुष्कळदा संपलेलं नसतं.

पुसण्याआधी तीन गोष्टी बघा: उपकामं आहेत का (मूळ काम गेलं की तीही जातात), तास नोंदलेले आहेत का (असतील तर ते दुसऱ्या कामावर वळवा, पुसू नका), आणि कमिटच्या संदेशात उल्लेख आहे का:

```
git log --all --oneline --grep="#2318"
```

उल्लेख सापडला तर काम पुसायचं नाही. पासवर्डच्या कारणाने पुसावंच लागलं तर नव्या कामाचा क्रमांक पुढे सांगितलेल्या विकीच्या पानावर लिहायचा. रेडमाइनला कचरापेटी नाही. बॅकअपमधून एक काम परत आणायचं म्हणजे अख्खा डेटाबेस दुसरीकडे उभा करावा लागतो, आणि आपले बॅकअप 90 दिवसांचेच असतात.

पुसलेल्या प्रत्येक कामाची ओळ विकीच्या 'पुसलेली कामं' या पानावर जाईल: क्रमांक, विषय, तारीख, सुचवणारा, होकार देणारा, कारण. 404 दिसला की आधी तिथे बघा.

त्या पानावर पहिल्या 412 ओळी आपल्याच जुन्या साफसफाईच्या असतील. विषय आणि वर्णन रेडमाइनच्या सूचना-मेलमध्ये असतं. 2017 ते 2019 मधले मेल ज्यांच्याकडे शिल्लक आहेत त्यांनी 30 एप्रिलपर्यंत ते सपोर्टच्या पत्त्यावर पाठवावेत. आतापर्यंत 163 कामांचे मेल मिळाले आहेत. `#2318` अजून मिळालेलं नाही.